पाण्याचा दिवस तुझ्या एकटीच्याच डोक्यात का?

बाळा, अनेक आशीर्वाद.

नवऱ्याबद्दल तू लिहिलंयस, 'तो वाईट नाही हो, सांगितलं की सगळं करतो. पण प्रत्येक वेळी सांगायचं मीच.' तुझं दुखणं खरं आहे, आणि ते नेमकं कुठं आहे हे त्याला दाखवायचं तर आधी तुला नीट दिसायला हवं.

सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्यांचंच घे. दुकानातून गोळ्या तो आणतो, म्हणून त्याच्या हिशेबी ते काम त्याचं. पण पाकिटात चारच उरल्यात हे तू बघतेस. डॉक्टरांनी मागच्या खेपेला गोळी बदलली होती हे तुझ्या लक्षात असतं. आणल्यावर त्या वेळेवर घेतल्या जातात ना, तेही तूच विचारतेस. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जोडप्यांशी बोलून अशा कामाचे चार टप्पे मांडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवताना बहुधा दोघं असतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा जास्त करून बायकांकडे जातो, असं त्यांना दिसलं. हे दोन टप्पे नीट पार पडले तर काहीच घडत नाही. गोळ्या संपत नाहीत, आणि न संपलेल्या गोळ्यांचं कौतुक कोण करणार? तो कृतघ्न आहे असं लगेच धरू नकोस. त्याला ते दिसलेलंच नाही, हीसुद्धा शक्यता आहे.

'आता मी गप्पच बसते, बघू त्याला आठवतं का,' असं तू ठरवलंयस. ते करू नकोस. तू परीक्षा घेते आहेस हे त्याला ठाऊकच नाही. त्याला चार दिवस घर शांत वाटेल, तुझ्याकडे मात्र पुरावे साठत जातील. मग भांडण होईल आणि तो म्हणेल, 'मला सांगायचं ना, केलं असतं की!' म्हणजे सांगण्याचं काम पुन्हा तुझ्याचकडे.

'सगळं मीच करते' इथूनही सुरुवात नको. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं होतं, घरच्या कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक जोडप्यांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपलं केलेलं आपल्याला पटकन आठवतं, त्यालाही आठवेल, आणि बोलणं हिशेबावर अडकेल.

त्यापेक्षा एकच काम निवड आणि ते चारही टप्प्यांसकट त्याच्याकडे दे. मी पाणी निवडेन. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये काही दिवस जातात, वेळही बदलते. त्यामुळे महिनाभरात त्याला अनेक संधी मिळतील, आणि एखादी वेळ चुकली तर टँकर मागवता येतो, शेजारून दोन घागरी आणता येतात. गोळ्यांनी सुरुवात करू नकोस, तिथली चूक सासूबाईंना भोगावी लागेल.

रविवारी, दोघांचं पोट भरलेलं असताना बोल. 'पाणी कधी येणार ते माहीत करून घेणं, मोटार लावणं, टाकी भरली का बघणं, पिण्याचं वेगळं भरणं, हे सगळं आजपासून तुझं. मी आठवण करून देणार नाही. टाकी रिकामी राहिली तर काय करायचं तेही तूच बघायचं.' एवढं स्पष्ट सांग, म्हणजे तुझं गप्प राहणं फसवणूक ठरत नाही.

यानंतरचं अवघड काम तुझं आहे. पहिल्या-दुसऱ्या वेळी टाकी अर्धीच भरेल. तुझा हात मोटारीच्या बटणाकडे जाईल. नको लावूस. तो पिंप तुझ्यासारखं घासणार नाही, तेही चालू दे. पिण्याचं पाणी स्वच्छ आहे एवढंच बघ. तू मागून दुरुस्त करत राहिलीस तर लक्ष ठेवण्याचा टप्पा तुझ्याकडेच राहिला, आणि तो पुढच्या वेळी तुझीच वाट बघेल.

महिन्याभरात फरक कळतो. ज्याला दिसत नव्हतं तो चुकतो, चिडतो, पण मग पाणी सोडणाऱ्याचा नंबर स्वतःच मिळवतो, फोनमध्ये गजर लावतो. एक दिवस तुलाच सांगतो, 'उद्या पहाटे पाणी आहे.' तेव्हा दुसरं काम दे, कदाचित गड्ड्याच्या जत्रेला येणाऱ्या पाहुण्यांची सोय. ज्याला करायचंच नाही तो दर वेळी तुलाच विचारतो, मुद्दाम बिघडवून 'तुलाच जमतं बाई' म्हणतो, किंवा तू विषय काढलास की थट्टा करतो. तसं झालं तर पाण्याचं बोलणं थांबव. 'मी थकले आहे, हे तुला महत्त्वाचं वाटतं का?' असं सरळ विचार, आणि उत्तर टाळलं तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जायचा आग्रह धर. एकट्या तुझ्या युक्तीनं सुटणारी गोष्ट ती नाही.

आणि हो, पहिल्याच आठवड्यात तो विचारेल, 'मोटार किती वाजता लावू?' तेव्हा न रागावता म्हण, 'तूच बघ ना,' आणि खरंच दुसऱ्या खोलीत जा.

तुझी,
मावशी