कोड झाले १४०, आता थीम कशा काढू?

"एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे, नागपूर. पहिलाच गुणात्मक प्रकल्प. दहा मुलाखती टाइप करून कोडिंग केलं, १४० कोड झाले. आता यातून थीम कशा काढायच्या? मी प्रश्नावलीच्या भागांप्रमाणे गट केले तर गाईड म्हणतात, ह्या थीम नाहीत."

तुमच्या गाईडचं बरोबर आहे. मीही माझ्या पहिल्या कामात नेमकं हेच केलं होतं, म्हणून तेच उदाहरण घेऊन सांगते. लोकांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

विषय होता मे महिन्यात रस्त्यावर बसून माल विकणारे लोक. सीताबर्डी आणि गोकुळपेठ भागात ११ मुलाखती घेतल्या. पहिल्या फेरीनंतर माझ्या थीम अशा होत्या: 'उन्हाचे आरोग्यावर परिणाम', 'उन्हापासून बचावाचे उपाय', 'आर्थिक नुकसान', 'शासनाकडून अपेक्षा'. मॅडमनी यादी वाचली आणि एवढंच विचारलं, "ही यादी तू मुलाखती घ्यायच्या आधीच लिहू शकली असतीस ना?" लिहू शकले असते, कारण ते माझेच प्रश्न होते. अशा शीर्षकाखाली लोक काय काय बोलले हे एकत्र येतं, पण त्या बोलण्याला एकत्र बांधणारा अर्थ त्यात नसतो. थीमच्या मध्यभागी एक कल्पना हवी आणि ती पूर्ण वाक्यात सांगता यायला हवी. 'आरोग्य' हे वाक्य होत नाही.

आता थोडं मागे, कोडकडे, म्हणजे उताऱ्यातल्या बोलण्याला दिलेल्या छोट्या नावांकडे जाऊ, कारण गडबड बहुतेक वेळा तिथेच सुरू झालेली असते. भाजी विकणाऱ्या एका मावशींच्या मुलाखतीतला हा तुकडा पाहा:

"ऊन तं लागतेच ना जी. पण आता सवय झाली. मागच्या साली चक्कर येऊन पडली मी, शेजारच्या भाऊनं तोंडावर पानी मारलं. दुसऱ्या दिवशी आलीच. नाही येऊन कसं होईन, भाजी तं सडते."

यावर माझे पहिले कोड होते 'ऊन', 'आरोग्य', 'भाजी'. कोड चांगला आहे की नाही हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे उतारा झाकायचा आणि नुसता कोड वाचायचा. काय म्हटलं होतं ते कळलं तर कोड कामाचा. 'आरोग्य' वाचून काहीच कळत नाही. दुसऱ्या फेरीत त्याच ओळींना मी असे कोड दिले: 'सवय झाली म्हणणं आणि लगेच चक्कर आल्याचं सांगणं', 'पहिली मदत शेजारच्या विक्रेत्याची', 'पडल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर', 'माल सडेल म्हणून सुट्टी नाही'. तुमच्या १४० पैकी एका शब्दाचे कोड किती आहेत ते आधी मोजा. ते अर्ध्याहून जास्त असतील तर थीमचा विचार बाजूला ठेवून त्या उताऱ्यांवर पुन्हा जा. त्यात आठवडा जाईल, पण तो वाया जात नाही.

आणि कोडिंग बोललेल्या भाषेतच करा. प्रबंध इंग्रजीत द्यायचा असेल तर ज्या उताऱ्यांचा दाखला देणार तेवढ्यांचंच भाषांतर करा, तेही शेवटी. मी आधी सगळं इंग्रजीत करून घेतलं असतं तर 'सवय' हा शब्द हातातून निसटला असता, आणि माझं सगळं विश्लेषण त्याच शब्दावर उभं राहिलं.

कसं ते सांगते. एक्सेलमध्ये चार रकाने केले होते: मुलाखत क्रमांक, ओळ क्रमांक, उतारा, कोड. कोडच्या चिठ्ठ्या कापून फरशीवर पसरल्या. यावेळी 'हे कशाबद्दल आहे' असं न विचारता 'यातून काय म्हटलं जातंय' असं विचारत चिठ्ठ्या जवळ-लांब सरकवल्या. 'सवय झाली' असं म्हणणारे सहा जण निघाले. सहाही जणांच्या बोलण्यात त्या शब्दाच्या आगेमागे पडल्याचा, उलटी झाल्याचा किंवा डोकं धरून बसल्याचा प्रसंग होता. अंगाला सवय झाली असती तर हे प्रसंग कशाला असते? मग पहिली थीम लिहिली: 'उन्हाचा त्रास विक्रेते सवय या शब्दाखाली झाकतात.'

ती टिकली नाही. थीम लिहून झाली की सगळ्या मुलाखती पहिल्या पानापासून पुन्हा वाचायच्या असतात, आणि वाचताना थीमला न जुमानणारा माणूस शोधायचा असतो. मला असे पाच सापडले. भांडी, कंगवे-पिना आणि चपला विकणारे तिघं बारा वाजता माल झाकून जात आणि चारनंतर परत येत. 'सवय' हा शब्द त्यांच्या तोंडी एकदाही नव्हता. उसाचा रस विकणारा तर म्हणाला, "ऊन पडलं का आपली दिवाळी." पाचवा फूलवाला. माल नाशवंत, पण सकाळी नऊलाच संपवून तो घरी. म्हणजे 'सवय' फक्त त्याच सहा जणांची होती, ज्यांच्यापुढे दुपारी न विकलेला, सडणारा माल पडून असतो.

तेव्हा थीम बदलली: 'सवय उन्हाची नाही, माल सोडून उठता न येण्याची आहे.' त्रासाचे, सुट्टीचे, उधारीवर माल आणण्याचे कोड तिच्याखाली आपोआप एका रांगेत बसले. 'शासनाकडून अपेक्षा' मात्र थीम म्हणून गेली. त्यातले कोड तपासले तर बहुतेकांनी सावलीच्या आधी माल ठेवायला थंड जागा मागितली होती, म्हणजे तेही इथेच येत होतं. शेजाऱ्यांच्या मदतीचे कोड वेगळी गोष्ट सांगत होते. त्यांची दुसरी थीम झाली. शेवटी एकूण तीनच थीम उरल्या आणि ११ मुलाखतींना त्या पुरल्या. सुमारे वीस कोड कुठेच बसले नाहीत. ते मी सोडून दिले. सगळे कोड कुठेतरी कोंबायलाच हवेत असं नाही.

किती जणांनी म्हटलं यावरून थीम ठरत नाही, हेही यातून दिसेल. सहा हा आकडा मोठा नव्हता. ते सहा कोण आणि उरलेले पाच कोण, यात अर्थ होता. याची मर्यादाही आहे. टिकाऊ मालाचे विक्रेते माझ्याकडे तीनच होते, त्यामुळे 'नागपूरचे सगळे फेरीवाले' असं मला लिहिता आलं नाही, आणि मी लिहिलं नाही.

तोंडी परीक्षेत दोन गोष्टी विचारल्या जातात. पहिली: दुसऱ्या कोणाकडून कोडिंग करून, दोघांचे कोड किती जुळतात हे सांगणारा 'कप्पा' नावाचा आकडा काढला का? तुम्ही व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांची थीमॅटिक अ‍ॅनालिसिसची, म्हणजे थीम काढण्याची, पद्धत वापरत असाल (२००६ च्या लेखातली, जिला त्या पुढे 'रिफ्लेक्सिव्ह' म्हणू लागल्या) तर त्यात हा आकडा लागत नाही. तिथे संशोधकाचं वाचन हेच साधन मानलं जातं. थीमॅटिक अ‍ॅनालिसिसचे काही दुसरे प्रकार मात्र आधी कोडबुक, म्हणजे कोडची यादी, ठरवतात आणि जुळणी मोजतात. तुमचा प्रकार कोणता ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. एकाचं नाव आणि दुसऱ्याची कृती असं झालं की परीक्षक तिथेच धरतात. दुसरी: 'थीम आपोआप समोर आल्या' असं लिहिलंय का? लिहू नका. त्या तुम्ही चिठ्ठ्या सरकवून, मोडून, पुन्हा लिहून बनवल्या आहेत. मी प्रत्येक मोडलेली थीम तारीख घालून वहीत ठेवली होती, आणि परीक्षकांना तेच पान दाखवलं.

आज रात्री एवढं करून पाहा: तुमच्या प्रत्येक गटाचं नाव खोडून त्या जागी क्रियापद असलेलं एक वाक्य लिहा. ज्या गटाचं वाक्य होत नाही, त्याच्या चिठ्ठ्या पुन्हा पसरा.