शुहूर सन हिजरीच्या मागे का पडला?

“पेशवाईतल्या एका पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं साल आहे. अरबी आकड्यांनी हे ११६१ होतं. पण पत्र पानिपतच्या वर्षाचं आहे असं सांगतात, आणि तेव्हा हिजरी ११७४ चालू होतं. मग लिहिणारा चुकला का?”

लिहिणारा चुकलेला नाही. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११६१च. फक्त हे हिजरी साल नव्हे, शुहूर सनाचं साल आहे. यालाच आपल्याकडे सुरसन किंवा मृगसाल म्हणत, कारण ते मृगाला सूर्य लागला की बदलतं. शुहूर हा अरबी ‘शहर’, म्हणजे महिना, याचा अनेकवचनी शब्द.

दोन्ही सनांची सुरुवात एकाच आकड्यावर होती. इ.स. १३४४ साली, तुघलकांच्या अमलात, हिजरी ७४५ चालू असताना तोच आकडा उचलून शुहूर सन सुरू झाला. पुढे मात्र हिजरी चंद्राबरोबर गेला आणि शुहूर सूर्याबरोबर राहिला.

चंद्राचा हिशेब असा. एका चंद्रदर्शनापासून दुसऱ्यापर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवसांहून थोडे जास्त. ऋतूंचं चक्र मात्र ३६५ दिवस आणि वर सुमारे सहा तास घेतं. म्हणजे चांद्रवर्ष ऋतुचक्र पुरं व्हायच्या जवळजवळ अकरा दिवस आधीच संपतं आणि पुढचं लगेच सुरू होतं. आपल्या पंचांगातही ही तूट पडतेच, पण साठत साठत ती महिन्याएवढी झाली की अधिक मास घालून भरून काढतात. त्यामुळे दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच मागेपुढे होते. हिजरी कालगणनेत असा वाढीव महिना घालायला कुराणानेच मनाई केली आहे, म्हणून तिथे तूट कधी भरली जात नाही. हिजरी ७४५ मेच्या मध्यावर सुरू झालं होतं. ७६१चा मोहरम आला तो १३५९च्या नोव्हेंबरात. सोळा वर्षांत नवं वर्ष उन्हाळ्यातून थंडीच्या तोंडाशी आलं! साधारण साडेबत्तीस सौरवर्षांनी मोहरम सगळे ऋतू फिरून पुन्हा मूळ जागी येतो, आणि तोवर हिजरीचं एक वर्ष जास्तीचं मोजून झालेलं असतं.

आता तुमचे तेरा पाहा. १३४४ ते १७६१ या सुमारे ४१७ वर्षांना साडेबत्तिसाने भागा. उत्तर तेराच्या जरासं आत येतं. ११७४ वजा ११६१, तेरा.

महसुलाला हा सरकता सन चालणं अवघडच होतं. हिजरीची तेहतीस वर्षं सरतात तेव्हा शेतात पिकं बत्तीसच वर्षांची निघालेली असतात. दर हिजरी वर्षाला सारा मागायचा तर तेहतिसावा कुठल्या पिकातून द्यायचा? म्हणून वसुलीचं साल मृगाशी बांधणं सोयीचं पडलं. दख्खनच्या फसली सनाचीही हीच गोष्ट. तो शाहजहानच्या काळात, १६३६ साली, हिजरी १०४६ वरून निघाला, त्यामुळे पानिपतच्या वेळी तो हिजरीपेक्षा चारच वर्षं मागे, म्हणजे ११७० होता. शुहूरात ५९९ मिळवले की ते साल ज्या मृगाला सुरू झालं तो इसवी सन मिळतो: ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, तीही यातच बसते.

मात्र पत्राची तारीख लावताना एक खोच लक्षात ठेवा. साल सौर असलं तरी ‘छ’ लिहून पुढे दिलेली तारीख आणि महिना हिजरीचाच असतो: मोहरम, सफर, जमादिलाखर, सवाल. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं आणि मृगसाल ३६५ दिवसांचं, म्हणून प्रत्येक मृगसालात दहा-अकरा चांद्र तारखा दोनदा येतात. इहिदे सितैनात ही वेळ सवाल महिन्याच्या अखेरच्या दिवसांवर आली होती. तुमच्या पत्रावर ‘छ २५ सवाल’ असेल तर तो दिवस जून १७६० मधला असू शकतो किंवा मे १७६१च्या अखेरचा, आणि सालाचा आकडा दोन्हीकडे तोच. तिथे आधी वार दिलाय का ते बघा, कारण दोन्ही दिवसांचे वार बहुधा वेगळे निघतात. वार नसेल तर मजकूर वाचा: भाऊसाहेब फौज घेऊन उत्तरेत चालले असतील तर पहिला सवाल, पानिपतात कोण पडलं आणि कोण परत आलं याची चौकशी असेल तर दुसरा.