आधी विचार: लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं का?

भाऊ, परदेशी प्रवाशांची जुनी वर्णनं वाचायला विजयनगरच्या राजा कृष्णदेवरायापासून सुरुवात केलीस, बरं झालं. पाएस हा पोर्तुगीज प्रवासी 1520 च्या सुमारास विजयनगरात होता, राजाला त्यानं स्वतः पाहिलं. चेहऱ्यावर देवीचे व्रण, अंगानं जरा स्थूल, हे बिनधास्त घे. पण राजा रोज उजाडण्याआधी तिळाचं तेल पितो, असंही तो लिहितो. तेव्हा हा तिथं कसा असणार? कोणी सांगितलेलं दिसतं.

नुनीझ हा दुसरा पोर्तुगीज आला 1535 च्या आसपास. राजा 1529 लाच वारलेला. युवराजाला विष दिल्याच्या संशयावरून प्रधान तिम्मरसूचे डोळे काढले, ही कथा नुनीझची. पारावर किस्सा इतक्या वर्षांत केवढा फुगतो, तुला ठाऊकच आहे!

वहीत दोन रकाने आख: पाहिलेलं, ऐकलेलं. नवखे दोन्ही एकत्र कालवतात, तिथंच फसतात.