क्लासची फी भरण्याआधी

तू विचारलेला पुण्यातला सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स, फी ६०,००० आणि वर 'शंभर टक्के प्लेसमेंट'चं आश्वासन. पैसे भरण्याआधी छापील अटी माग. माझ्या भाच्याच्या अटींमध्ये 'गॅरंटी' नव्हतंच, 'प्लेसमेंट असिस्टन्स' होतं, म्हणजे मुलाखतीला पाठवलं की त्यांचं काम संपलं. रिफंडही ९० टक्के हजेरी आणि सगळ्या मॉक टेस्ट पास असतील तरच. दोन दिवस आजारी पडला, हजेरी ८८ टक्क्यांवर आली, पैसे बुडाले. त्यात 'हप्त्यांची सोय' म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. क्लास सोडला तरी हप्ते चालूच! रिफंड कोणाला, किती दिवसांत, हे लेखी घे.

सर्टिफिकेटवर आयएसओचा शिक्का दिसला तर भुलू नकोस. तो संस्थेच्या कार्यपद्धतीला असतो, कोर्सला नाही. सरकारमान्य म्हणत असतील तर कोर्सचा कोड विचार आणि मान्यताप्राप्त कोर्सची नोंद असलेल्या nqr.gov.in या सरकारी साइटवर स्वतः शोध.

शिकवणाऱ्याचं लिंक्डइन बघ. कधीकधी तो गेल्या बॅचचाच, नोकरी न लागलेला विद्यार्थी निघतो. डेमोला येणारे सर पुढे शिकवतील का, तेही विचार. आणि भिंतीवरच्या फोटोंपेक्षा मागच्या बॅचमधल्या तीन-चार जणांशी बोल. नंबर मात्र क्लासकडून नको, लिंक्डइनवर तूच शोध.