वर्षाची वर्गणी एकदम आली. त्यातली कमाई किती?

प्रश्न: मी ऑनलाइन भाषावर्ग चालवते. १ एप्रिलला ४० जणांनी प्रत्येकी १२,००० रुपये वार्षिक वर्गणी भरली. महिन्याचा खर्च २५,००० आहे. जूनअखेर खात्यात ४,०५,००० शिल्लक आहेत. त्यातले ३ लाख काढून घरचं कर्ज फेडू का?

उत्तर: नको. आज ४५,००० पर्यंतच काढा.

एप्रिलमध्ये जमा झालेले ४,८०,००० त्या दिवशी उत्पन्न नव्हते. तुम्ही वर्षभराचं शिकवणं देणं लागत होतात, म्हणून ती रक्कम ‘आगाऊ मिळालेलं उत्पन्न’ या खात्यात, देण्यांच्या बाजूला बसते. एक महिना शिकवून झाला की त्यातले ४०,००० नावे टाकून कमी करायचे आणि ‘वर्गणी उत्पन्न’ खात्यात जमा करायचे. या नोंदीने बँकेतला एक रुपयाही हलत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो, कारण आपण बघतो ती बँकेची शिल्लक.

जूनअखेर तीन महिन्यांचं उत्पन्न १,२०,००० झालं आणि खर्च ७५,०००. म्हणजे कमाई ४५,०००. उरलेले ३,६०,००० अजून विद्यार्थ्यांचं देणं आहे. बँकेतल्या ४,०५,००० मधून ते वजा केलं तरी ४५,०००च उरतात. दोन्ही वाटांनी आकडा जुळतो.

३ लाख काढलेत तर मागे १,०५,००० राहतील. ते ऑक्टोबरपर्यंत पुरतील आणि नोव्हेंबर ते मार्चचे वर्ग नव्या विद्यार्थ्यांच्या पैशांवर चालवावे लागतील. नवे आले नाहीत तर? तुमच्या अटींत परतावा अजिबात नसेल, तर उरलेल्या नऊ महिन्यांचे २,२५,००० बाजूला ठेवून १,८०,००० काढता येतील, असं कागदावर दिसतं. माझ्या मते तेही नको. शिक्षकांचं मानधन थोडं वाढलं तरी हे गणित कोसळतं.

मधल्या तारखेला येणाऱ्यांकडे लक्ष ठेवा. १६ जूनला कुणी आलं, तर जूनचे पूर्ण १,००० धरू नका. १५ दिवसांचे, ३६५च्या हिशेबाने, साधारण ४९३ होतात. कुणी सोडून गेलं, तर न शिकवलेल्या महिन्यांचा परतावा या आगाऊ खात्यातून वजा करा, उत्पन्नातून नाही. महिनाअखेर १ एप्रिलपासूनच्यांचे उरलेले महिने आणि मधल्या तारखेला आलेल्यांचे उरलेले दिवस काढून त्यांच्या रकमांची बेरीज करा. ती आगाऊ खात्याच्या शिल्लकेशी जुळली नाही, तर एखादी नोंद राहिली आहे किंवा दोनदा पडली आहे.

प्राप्तिकरासाठी उत्पन्न कधी धरायचं हे मात्र करसल्लागाराला विचारा. तो नियम या हिशेबासारखाच असेल असं नाही.

कर्जासाठी दरमहा नोंद झाल्यावर उरणारे १५,००० वापरा. २५,०००च्या खर्चात तुमचा स्वतःचा मोबदला धरलेला नसेल, तर घरखर्चही त्यातूनच जाईल. अंशतः परतफेडीला शुल्क किंवा किमान रकमेची अट आहे का, हे बँकेत आधी विचारा. अट असेल तर दोन-तीन महिन्यांचे साठवून एकदम भरा.