दोन्ही वाक्यं खरी, तरी उत्तर चुकलं

‘मॅडम, मुलगी यंदा सीबीएसईच्या दहावीला आहे. विज्ञानाचं पुस्तक तिचं अक्षरशः पाठ आहे. पण असर्शन-रीझनचे, म्हणजे एक विधान आणि त्याखाली एक कारण दिलेले, चार प्रश्न आले की त्यातले दोन-तीन चुकतातच. घरी विचारलं तर दोन्ही वाक्यं बरोबर समजावून सांगते, मग पेपरात ‘ए’ की ‘बी’ यात कुठे अडते? तिचा अभ्यास वरवरचा होतोय का?’

गेल्या वर्षी असाच एक मुलगा माझ्याकडे यायचा. नाव बदलून त्याला ओम म्हणू. मी त्याला आधी काहीच समजावलं नाही, फक्त सरावाचे जुने पेपर घेऊन ये म्हटलं. 6 पेपर, म्हणजे असे 24 प्रश्न. त्यातले 11 चुकले होते. आम्ही एका कागदावर चुका मांडल्या आणि मांडता मांडताच त्याच्या लक्षात आलं: 11 पैकी 8 ठिकाणी उत्तर ‘बी’ होतं आणि यानं ‘ए’ लिहिलं होतं. उरलेले 3 वेगळ्या कारणानं गेले होते, त्यांच्याकडे नंतर येते.

‘ए’ म्हणजे दोन्ही विधानं खरी आणि कारण हेच विधानाचं योग्य स्पष्टीकरण. ‘बी’ म्हणजे दोन्ही खरी, पण स्पष्टीकरण ते नव्हे. (सहसा ‘सी’ला विधान खरं, कारण खोटं आणि ‘डी’ला त्याच्या उलट. पण काही पेपरांत चौथा पर्याय ‘दोन्ही खोटी’ असाही असतो, तेव्हा पर्याय पाठ करून जाऊ नये, वाचावेत.) ओम दोन्ही वाक्यांसमोर खुणा करायचा आणि दोन बरोबर दिसल्या की थांबायचा. तिसरा प्रश्न, दोघांचं नातं काय, हा त्यानं स्वतःला विचारलेलाच नसायचा. दोन्ही वाक्यं एकाच धड्यातली असली की त्याला ती आपोआप जोडलेली वाटायची.

मी हृदयाचा प्रश्न घेतला. विधान: डाव्या जवनिकेची, म्हणजे त्याच्या पुस्तकातल्या लेफ्ट व्हेंट्रिकलची भिंत उजव्या जवनिकेपेक्षा जाड असते. कारण: डाव्या जवनिकेत ऑक्सिजनयुक्त रक्त असतं. ओमनं क्षणात ‘ए’ म्हटलं.

‘बरं, डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात कोणतं रक्त असतं?’

‘ऑक्सिजनवालंच. फुप्फुसांतून येतं ते.’

‘आणि त्याची भिंत?’

तो थांबला. अलिंदाची भिंत पातळ असते हे त्याला नीट माहीत होतं. रक्तात ऑक्सिजन आहे म्हणून भिंत जाड होत असती, तर डावं अलिंदही जाड भिंतीचं असायला हवं होतं. म्हणजे वाक्य खरं, पण कारण ते नाही. उत्तर ‘बी’.

मग तेच विधान ठेवून मी कारण बदललं: डाव्या जवनिकेला रक्त साऱ्या शरीरात ढकलायचं असतं, उजवीला फक्त फुप्फुसांपर्यंत. आता ‘म्हणून’ घालून वाच म्हटलं. साऱ्या शरीरात ढकलायचं, म्हणून जास्त दाब हवा, म्हणून स्नायू जाड. इथे उत्तर ‘ए’. एकाच विधानाला दोन खरी कारणं लावून दाखवली की मुलांना फरक पटकन दिसतो, म्हणून हा प्रश्न मी हाताशीच ठेवते.

नुसतं ‘म्हणून’ घालून मात्र भागत नाही. ‘रक्तात ऑक्सिजन आहे, म्हणून भिंत जाड आहे’ हेही कानाला खोटं वाटत नाही ना! त्यामुळे मी शेजारी शोधायला लावते. कारणातली गोष्ट जिथे आहे पण विधानातली नाही, असं एखादं उदाहरण मिळतंय का? सोडिअम केरोसीनमध्ये ठेवतात हे विधान आणि तो सुरीनं कापता येण्याइतका मऊ असतो हे कारण. दोन्ही खरं. पण मेणही सुरीनं कापता येतं, ते कुणी केरोसीनमध्ये बुडवून ठेवत नाही. सोडिअम ठेवतात कारण तो हवेतल्या ऑक्सिजनशी आणि पाण्याशी फार जोरात अभिक्रिया करतो, पेटही घेतो. पुन्हा ‘बी’.

याच्याही आधीची एक सवय त्याला लावली. कारणाच्या ओळीवर पट्टी ठेवायची, फक्त विधान वाचायचं आणि ‘का?’ याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत मनात म्हणायचं. मग पट्टी काढायची. छापलेलं कारण आपल्या उत्तराशी जुळलं तर ‘ए’कडे झुकायचं, भलतंच काही निघालं तर सावध व्हायचं. छापलेलं कारण आधी वाचलं की मन त्याचीच बाजू मांडू लागतं.

पुढच्या आठवड्यात ओम उलट्या बाजूला पडला. मला त्याचा अंदाज होता, कारण बहुतेकांचं असंच होतं. आता त्याला सगळीकडे ‘बी’ दिसू लागलं. विधान: पांढरं सिल्व्हर क्लोराइड सूर्यप्रकाशात ठेवलं तर राखाडी होतं. कारण: प्रकाशामुळे त्याचं विघटन होऊन चांदी आणि क्लोरीन तयार होतात. ओम म्हणाला, ‘कारणात राखाडी रंगाचा उल्लेखच नाही, म्हणजे बी.’ पण मधला दुवा एवढाच आहे की तयार झालेली बारीक चांदी राखाडी दिसते, आणि तो दहावीच्या मुलाला भरता यावा अशी अपेक्षा असते. स्पष्टीकरणात प्रत्येक पायरी लिहिलेली नसते. एक सोपी पायरी आपण भरली आणि साखळी जुळली तर ते ‘ए’च. दोन-तीन पायऱ्या ओढूनताणून भराव्या लागल्या तरच शंका घ्यावी. या सीमेवरचे काही प्रश्न खरंच वादाचे असतात, शिक्षकांतही एकमत होत नाही. तिथे एका गुणासाठी पाच मिनिटं घालवू नयेत.

आता ते उरलेले 3. ते तिन्ही ‘सी’चे होते. त्यातला एक सांगते. विधान: तांबं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन मुक्त करत नाही. कारण: तांबं अभिक्रियाशीलता श्रेणीत हायड्रोजनच्या वर आहे. ओमला श्रेणी पाठ होती, तांबं हायड्रोजनच्या खाली आहे हेही ठाऊक होतं. पण वाचताना ‘वर’चं ‘खाली’ त्याच्या मनानंच करून टाकलं. यावर पट्टी उलटी फिरवायची: विधान झाकायचं आणि कारण एकटं वाचायचं, जणू चूक की बरोबर सांगा असा सुटा प्रश्न आहे. वर-खाली, कमी-जास्त, सर्व, फक्त, नेहमी अशा शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारायची.

तुमच्या मुलीचे पेपर पाहिल्याशिवाय तिचंही ओमसारखंच होतंय असं मी म्हणणार नाही. तिलाच चुका मोजायला बसवा. ‘बी’च्या जागी ‘ए’ जास्त असतील तर हृदयाच्या प्रश्नापासून सुरुवात करा. ‘सी’, ‘डी’च्या चुका जास्त निघाल्या तर आधी विचारा की ते वाक्य खोटं आहे हे तिला तेव्हा माहीत होतं का. माहीत होतं म्हणाली तर पट्टी आणि पेन्सिल. नव्हतं म्हणाली तर तेवढा धडा तिला पुन्हा वाचावा लागेल.