फुली पहिल्या पानावर, रेघ सहाव्या पानावर

'सर, मेकॅनिकल डिप्लोमा करून मी कुपवाड एमआयडीसीत एअर कॉम्प्रेसर विकणाऱ्या कंपनीत लागले. आठ पानांचा व्हाइटपेपर लिहिला, तर साहेब म्हणाले, फाउंड्रीवाला पहिल्याच पानावर बाजूला ठेवेल. मसुदा सोबत जोडलाय. नेमकं काय चुकलंय? टेक्निकल रायटिंग मला जमेल का?'
– एक वाचक, मिरज

तुझा मसुदा पेन्सिल घेऊन दोनदा वाचला. कंपनीचं नाव पहिल्यांदा आलं तिथे फुली मारली. 'हे खरं का?' असं विचारायला वाचणारा थांबेल, त्या पहिल्या वाक्याखाली रेघ ओढली. फुली पहिल्या पानावर तिसऱ्याच ओळीत पडली, रेघ मात्र सहाव्या पानावर. साहेब म्हणतात ते हेच.

सहाव्या पानावरचं तुझं वाक्य फार चांगलं आहे: कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि तो किती वेळ लोडवर जातो, म्हणजे हवा भरतो, ते घड्याळ लावून बघा. तू दिलेलं उदाहरण ६ मिनिटांचं आहे: दीड मिनिट लोड, साडेचार मिनिटं अनलोड. १.५ भागिले ६, म्हणजे मशीनच्या क्षमतेची २५ टक्के हवा नुसती गळतीत जाते. हे पहिल्या पानावर आण. मेंटेनन्सवाला रविवारी स्वतः करून बघेल आणि पुढचं पान उलटेल.

आता पहिल्या पानावरचं '३५ टक्के वीजबचत' काढ. कशाच्या तुलनेत, किती भारावर, काहीच लिहिलेलं नाही. पुराव्याआधी आलेला असा आकडा पुढच्या खऱ्या मोजमापांवरचाही विश्वास घालवतो.

इथे तुला एक अडचण येईल. गळती बुजवली की नवं मशीन कशाला, असं वाचणारा म्हणेल. म्हणूनच बहुधा तू तो भाग मागे ढकललास. पण तुझा खरा मुद्दा त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. गळती बुजवल्यावरही शिफ्टप्रमाणे हवेची मागणी कमी-जास्त होते, आणि स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर असताना हवा न देताही पूर्ण भाराच्या साधारण २५ ते ४० टक्के वीज खातो. तुमचं नवं व्हीएफडी मशीन मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलतं, म्हणून हा खर्च वाचतो. मागणी दिवसभर सारखीच आणि मशीनच्या पूर्ण क्षमतेजवळ असेल तर व्हीएफडीचा फायदा नाही, हेही स्पष्ट लिही. साहेबांना हे वाक्य खटकेल, तरी काढू नकोस. ज्याची मागणी बदलती आहे तो ते वाचूनच तुमच्याकडे येईल.

कंपनीचं नाव सातव्या पानावर आलं तरी चालेल. स्थापनेचा इतिहास शेवटी दोन ओळीत.

जमेल का, असं विचारलंस. मोजमाप तुला कळतं, नाहीतर सहावं पान लिहिता आलं नसतं. क्रम लावणं सरावाने येईल. येत्या रविवारी ओळखीच्या फाउंड्रीत परवानगी काढ, असे चार-पाच फेरे मोज, सरासरी काढ आणि तीच पहिल्या परिच्छेदात घालून मसुदा मला परत पाठव.